राजपत्रातल्या दोन ओळी

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी हसत होते. फोटोत तसंच दिसतंय. ताट हलवलं की पुसून जाणारं नाव, त्याला काय एवढं घाबरायचं, असं वाटलं होतं.

पण नवरा फौजेत. सुट्टी संपवून तो पलटणीत परतला आणि लग्नाची नोंद करताना बायकोचं नाव विचारल्यावर त्यानं भाबडेपणानं तांदळातलं नाव सांगितलं. ते सर्व्हिस रेकॉर्डला चढलं. सासरे निवृत्त हवालदार. त्यांनी माझी पदवी बघितली, रेकॉर्डची नक्कल बघितली आणि निकाल दिला, "फौजेत माणूस नंतर, कागद आदी. उद्या काय झालं तर पेन्शन कुनाला द्यायची? तुजे कागद बदलून घे, पोरी."

त्या वेळी राजपत्रित अधिकाऱ्याच्या पत्रावर भागलं. आधार बदललं, मागोमाग बँक. पहिलं नाव गेलं, वडिलांच्या जागी नवरा आला, आडनाव सासरचं. पायरीपायरीनं बदललं असतं तर निदान एखादा तुकडा ओळखीचा राहिला असता. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मला ठाऊक होतं. भांडले का नाही? सगळे इतक्या मायेनं बोलत होते की भांडायला तोंडच उरलं नाही. या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि तो जास्त माझाच येतो.

डॉक्टरेट आणि उसाच्या मुळांतल्या बुरशीवरचे माझे चार शोधनिबंध मात्र जुन्या नावानंच राहिले. लोणंदहून मी रोज साताऱ्याला तासिका तत्त्वावर शिकवायला जायची. नवरा सीमेवर, मूलबाळ नाही. आई-वडील एका वर्षाच्या अंतरानं गेले आणि त्यांच्याबरोबर मला जुन्या नावानं हाक मारणारं तोंडही गेलं. उरली एकच, स्पेनमधली माझी सहलेखिका. तिच्या पत्राची सुरुवात अजून माझ्या जुन्या नावानं व्हायची. कधीकधी मी ती पहिली ओळ तेवढी वाचून कॉम्प्युटर बंद करायची.

सांगलीच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली. कागद तपासायला बसलेल्या क्लार्कबाईंनी निबंध बाजूला सारले.

"मॅडम, ह्या बाई कोण?"

"मीच."

"प्रतिज्ञापत्र हाय तुमचं, पण त्यावर न्हाई चालत. लग्नाच्या दाखल्यावर तर माहेरचंच नाव हाय. पहिलं नाव बदललंय न्हवं? राजपत्र लागंल. मुलाखतीच्या दिवसापत्तुर आना, तवर ह्याचे गुण न्हाईत."

निबंधांचे गुण धरले नाहीत तर मुलाखतीच्या यादीतही माझं नाव येणार नव्हतं. बारा वर्षांचं काम एका परक्या बाईचं ठरलं होतं, आणि ती परकी बाई मी होते. क्लार्कबाईंचं चुकलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना.

परत येताना कराडच्या स्टँडवर तासभर बसले आणि स्पेनला लिहिलं. तिचं उत्तर लांबलचक आलं. तिच्याकडं बाईचं नाव लग्नानं बदलतच नाही. बापाचं एक, आईचं एक, अशी दोन आडनावं घेऊन ती जगते. तिची एक जपानी मैत्रीण आहे. तिथं नवराबायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, म्हणून ती सरकारी कागदावर नवऱ्याचं आणि प्रयोगशाळेत स्वतःचं नाव चालवते. 'तूही निबंध जुन्याच नावानं लिही,' तिनं लिहिलं होतं. 'संशोधकाचा नोंदणी क्रमांक काढ, त्यात दोन्ही नावं टाक. नाव बदललं तरी क्रमांक तुझाच राहतो.' क्रमांक त्याच दिवशी काढला.

सगळं पूर्ववत करावं, असंही मनात आलं. पण मग नवऱ्याचं रेकॉर्ड बदलायला हवं, आणि तो फोनवर म्हणाला, "आता कशाला? लय वर्षं झाली की." मी बरं म्हटलं. राजपत्रासाठी अर्ज भरला, शाळेचा दाखला जोडला. काही आठवड्यांनी दोन ओळी छापून आल्या. जुने नाव, नवे नाव. एका कागदावर दोघी पहिल्यांदाच शेजारी बसल्या होत्या.

मुलाखतीच्या दिवशी क्लार्कबाईंनी राजपत्र बघितलं, चारही निबंधांवर शिक्का मारला आणि यादीत माझं नाव घातलं. पदवीवरून, जुनं.

बाहेर बाकावर आम्ही पाचजणी होतो. शिपाई आला आणि त्यानं एक नाव पुकारलं. कुणीच उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. शेजारची माझ्या कानाशी म्हणाली, "आल्या न्हाईत वाटतं त्या."

मीही मागं वळून बघितलं, कोण आहे ती.