दुसऱ्या देशातला खेळ

माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. शहापूरला ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या एका दुकानात तो वेल्डिंगचं काम करतो आणि रोज संध्याकाळी शेणव्याला घरी येतो. शाळेत त्याला खुणांची भाषा कुणी शिकवली नाही. त्याच्याशी बोलायच्या खुणा वडिलांनी घरातच तयार केल्या होत्या. चिमटीने मिशी पिळली की तालुक्याचा बाजार, दोन बोटं कपाळाला लावली की मी, म्हणजे ताई. वडील गेले तेव्हा त्याच्याशी भरभरून बोलणारा माणूसच घरातून गेला. आईला आणि मला त्या खुणा येतात, पण कामापुरत्याच.

वडील गेल्यानंतर त्याला मोबाइलवर एक खेळ सापडला. चार जणांनी मिळून एक होडी चालवायची. त्यात बोलायचं नसतंच, हातवारे आणि चित्रं पाठवायची. एक शीड धरतो, एक पाणी उपसतो. त्याच्या होडीवरचे तिघं परदेशातले होते. हा ऐकू शकत नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिथे ते माहीत असण्याची गरजही नव्हती. जेवतानासुद्धा तो मला त्यांच्या गमती खुणांनी सांगायचा. मी मुरबाडला एका दवाखान्यात नोकरी करते, तिथेच खोली घेऊन राहते. शनिवारी जीप, मग एसटी असं करत घरी आले की त्याचं पहिलं काम हे.

मग त्या खेळाचा दुसरा भाग आला. तो आपल्याकडे नव्हता, आधी फिलिपिन्स आणि अजून एकदोन देशांतच सोडला होता. ते तिघं त्याच देशांतले, त्यामुळे तिघंही नव्या भागात खेळायला लागले. यानं शोधलं तर स्टोअरवर एकच ओळ: हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही. जुन्या खेळात त्याची होडी नुसती किनाऱ्याला उभी असायची. आई म्हणाली, "पोरगा जेवत नाय गो नीट. काय झालंय ते मला कळत नाय, नि त्याला सांगता येत नाय."

त्यानं ते स्वतःच सोडवायचं ठरवलं. एक व्हिडिओ पाहून फोनवर व्हीपीएन घातलं, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून बोलतोय असं स्टोअरला वाटतं. पण स्टोअरचा देश बदलायला त्या देशातलं कार्डही लागतं, आणि ते त्याच्याकडे कुठून असणार? खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं, तुझ्या खात्याचा आयडी आणि पासवर्ड दे, मी तिकडचं कार्ड जोडून देतो. यानं दिलं. फोनवर आलेला कोडही पाठवला. काही वेळानं स्टोअरचा देश बदलला आणि खेळ दिसायला लागला. खेळ जड होता, फोनमध्ये जागा नव्हती. त्याच खात्याच्या क्लाउडवर सगळं साठवलेलं आहे या भरवशावर त्यानं फोनमधले व्हिडिओ पुसले.

त्या व्हिडिओंत वडील होते. ओटीवर बसून त्याच्याशी खुणा करत बोलणारे वडील. आमच्याकडे त्यांचे फोटो बरेच आहेत, पण त्यांचे हात हलताना फक्त तिथेच दिसतात.

थोडेच दिवस तो खुशीत होता. मग एका सकाळी फोननं पासवर्ड मागितला, आणि टाकलेला पासवर्ड चुकीचा ठरवला. त्या माणसानं पासवर्ड बदलला होता, खात्याला जोडलेला नंबरही बदलला होता. ग्रुपमधून तो नाहीसा झाला होता. भावानं मला फोटो पाठवला, स्क्रीनचा. खाली काही लिहिलं नव्हतं. मी दवाखान्यातून सुट्टी मागून निघाले.

घरी पोचले तर तो ओटीवर बसला होता. मला पाहून उठला नाही. मी विचारलं, व्हिडिओ? त्यानं वडिलांची खूण केली आणि हात उघडे करून दाखवले. रिकामे.

मला राग आला. मी खुणांनी आणि तोंडानं एकदमच बोलत सुटले. "अनोळखी माणसाला पासवर्ड देतात का रे? एका खेळासाठी?"

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग सावकाश खुणा केल्या. तुझ्याकडे बोलायला सगळे आहेत. दवाखान्यात, जीपमध्ये, फोनवर. माझ्याकडे ते तिघं.

आईला खुणा कळल्या. ती आत निघून गेली.

आम्ही खातं परत मिळवायला बसलो. पहिल्यांदा नकार आला: हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. मग माझ्या लक्षात आलं की व्हीपीएन चालूच आहे. आम्ही शेणव्यात बसून आपलं खातं मागत होतो आणि समोरच्याला दिसत होतं की कुणीतरी परक्या देशातून मागतंय. ते बंद केलं. त्याच फोनवरून, घरातूनच पुन्हा प्रयत्न केला, आठवणारा शेवटचा पासवर्ड टाकला. नंबर बदलून फार दिवस झाले नव्हते, म्हणून जुन्या नंबरवरही कोड मागता आला. कोड येईपर्यंत भाऊ माझं मनगट धरून बसला होता. कोड आला. खातं उघडलं.

पहिल्यांदा पासवर्ड बदलला, मग त्या माणसाचा फोन, नंबर आणि कार्ड काढून टाकलं. ते कार्ड त्याचं तरी होतं की कुणाचं चोरलेलं, देव जाणे. मग व्हिडिओ पाहिले. होते. सगळे उतरवून माझ्या फोनवर घेतले, एका पेनड्राइव्हवरही. भाऊ पहिला व्हिडिओ लावून बसला. आई त्याच्या मागे उभी राहून बघत होती.

पण सगळं पूर्वीसारखं झालं नाही. स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, त्यामुळे ते खातं वर्षभर परदेशीच राहणार होतं. थोड्या दिवसांनी बँकेचं ॲप अपडेट मागून अडलं, आणि स्टोअर म्हणालं, हे तुमच्या देशात उपलब्ध नाही. आता आपली बँकच परकी झाली होती. शेवटी भारतातलं नवं खातं फोनवर काढून त्यातून ते ॲप घेतलं.

खेळाचं काय, हा प्रश्न उरला. मी त्याला सरळ सांगितलं, व्हीपीएन लावून खोटा देश दाखवणं खेळाच्या कंपनीच्या नियमात बसत नाही, कधीही बंद करतील. त्यानं मान हलवली. खेळत राहतो, बंद केला तर केला. त्याला नको म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. फक्त त्या खात्यात आपलं काहीही ठेवायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

पावसाळा संपता संपता कंपनीनं त्याला खेळातून काढलं. खेळ उघडला की इंग्रजीत एकच वाक्य. तिघांना निरोप पाठवायला जागा नव्हती, कारण खेळाबाहेर त्यांची ओळखच नव्हती. हा कुठे गेला, का गेला, ते त्यांना कधीच कळणार नाही. मला हे सांगताना त्याचा चेहरा कोरा होता. सांगून झाल्यावर तो कामाला गेला.

त्यानंतर मी कल्याणला ऐकू न येणाऱ्यांचा एक गट शोधून काढला. रविवारी त्याला घेऊन गेले. तिथल्या मुलांचे हात भराभर चालत होते आणि याला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आमच्या वडिलांच्या खुणा त्यांच्या भाषेत नव्हत्या. तो दाराशी उभा राहिला, भिंतीला टेकून, तासभर. येताना एसटीत त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, मी त्याला अजून एका परक्या देशात नेऊन सोडलं.

पुढच्या रविवारी मी आलेच नव्हते. आईचा फोन आला. "सकाळीच गेलाय गो, एकटाच. कल्याणला म्हणून खूण करून गेला." संध्याकाळी तो परतल्यावर काय सांगतोय ते विचारायला मी पुन्हा फोन केला. आई म्हणाली, "काय सांगत नाय. पण जेवताना हात हलवतोय आपलाआपणच. तसल्या खुणा मी कधी पाहिल्या नायत."