परिशिष्ट क

इमारतीत तिला सगळे शंकाताई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून काढल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार! दूधवाला आला तरी ती आधी पिशवीवरची तारीख वाचायची, मग त्याच्याकडे बघून हसायची.

इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि ब्याण्णव पानांचा करार आला, तेव्हा तो वाचायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. तिची एकच अट होती: प्रश्न नेमका विचारायचा. 'आपलं कसं होणार हो?' असल्या प्रश्नाला ती दारातूनच परत पाठवी. नेमक्या प्रश्नाला मात्र चिठ्ठी मिळे. चिठ्ठीवर कलमाचा क्रमांक आणि मजकूर, जसाच्या तसा, काना-मात्रा न बदलता. आणि करारात काहीच नसेल तर दोनच शब्द: 'करार गप्प.' त्या दोन शब्दांवरून निम्मी इमारत तिच्यावर संशय घेऊ लागली. ही बिल्डरला फितूर झाली असं काही म्हणत, उरलेले म्हणत हिला इमारत पाडूच द्यायची नाही.

तळमजल्यावरच्या टेलरबाईंनी एकच प्रश्न विचारला होता. त्यांचा उजवा पाय जन्मापासून अधू. गिऱ्हाईक खिडकीतून कपडा द्यायचं, खिडकीतूनच न्यायचं. "मला परत तळमजलाच मिळेल, असं लिहिलंय का?"

शंकाताईने दोन संध्याकाळी करार चाळला आणि चिठ्ठी दिली: 'कोणत्या मजल्यावर घर, याबद्दल करार गप्प.'

"मग बरंय," टेलरबाई म्हणाल्या. "बिल्डरने तोंडी सांगितलंय, तळमजला तुमचाच."

तिथेच शंकाताईच्या मनात पाल चुकचुकली. तोंडी! तिने लगेच कलम बासष्ट काढून वाचलं: "या कराराबाहेरील कोणतेही तोंडी आश्वासन कोणत्याही पक्षावर बंधनकारक राहणार नाही." टेलरबाईंचा चेहरा उतरला. सह्या रविवारी होत्या, म्हणजे परवा.

घरी येऊन तिने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी प्रूफ तपासतात तशी, ओळीखाली पट्टी धरून. कलम एकतीस: "सभासदास सध्याच्या सदनिकेइतक्याच क्षेत्रफळाची पर्यायी सदनिका परिशिष्ट क प्रमाणे देण्यात येईल." तिने शेवटची पानं उलटली. परिशिष्ट अ. परिशिष्ट ब. मग थेट ड. पानांचे आकडे पंच्याऐंशीवरून अठ्ठ्याऐंशीवर गेले होते.

तिला स्वतःचीच चीड आली. जन्मभर तिने आधी पानं मोजली आणि मग वाचलं. या खेपेला मोजली नव्हती, कारण झेरॉक्स काढून आणून दिली होती सख्ख्या धाकट्या भावाने. तो इमारतीचा सेक्रेटरी. करार गप्प नव्हताच, तिची प्रत गप्प होती, आणि हा फरक न सांगता तिने चिठ्ठी लिहून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने भावाला सोसायटीच्या खोलीत गाठलं.

"परिशिष्ट क कुठंय?"

"झेरॉक्सवाल्याने गाळलं असेल, ताई."

"बरोबर दोनच पानं? आणि तीही तीच?"

तो फायलींचा ढीग सरळ करत बसला. मग खालच्या खणातून दोन पानं काढून त्याने तिच्यापुढे टाकली. "वाच. पण आधी घरी जाऊन वाच."

घरी कशाला जाईल ती! मजल्यांचा तक्ता होता. टेलरबाई: चौथा मजला. लिफ्टचं कलम तिला पाठ होतं, लिफ्ट बसवणार एवढंच त्यात होतं. बंद पडली तर कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार, याबद्दल करार खरोखरच गप्प होता. तळमजल्यावर राहण्याजोगं एकच घर होतं. त्याच्यापुढे तिचं स्वतःचं नाव होतं.

"तुझे गुडघे बघवत नाहीत मला," भाऊ म्हणाला. "तू तक्ता पाहिला असतास तर गप्प बसली असतीस का? म्हणून काढली पानं."

ती रागावली, मग तिला भडभडून आलं, मग पुन्हा रागावली. तिने जुनी चिठ्ठी चुकीची होती असं नव्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहिलं आणि भावाला बरोबर घेऊन टेलरबाईंच्या खिडकीशी गेली. दोन्ही नोंदी तिने मोठ्याने वाचल्या, स्वतःचीसुद्धा.

टेलरबाईंनी मशीन थांबवलं. भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या नजरेत काय होतं ते तिला ओळखीचं होतं. ती जगाकडे तशीच बघत आली होती.

"हे बदलता येतं, असं लिहिलंय का कुठं?"

"परिशिष्ट क, तळटीप दोन: 'दोन्ही संबंधित सभासदांच्या लेखी संमतीने सदनिकांची अदलाबदल करता येईल.'"

"दुसऱ्या सभासद म्हणजे तुम्ही. तुम्ही द्याल संमती?"

"त्याबद्दल करार गप्प आहे," शंकाताई म्हणाली, आणि भावाकडे हात पुढे करून कोरा कागद मागितला.