ताईंचा बॉट

कुणाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, मुख्य ब्रँचशी, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडशी भिडली, की टीममधल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर ताई स्वतः उठून त्याच्या टेबलाशी जायच्या आणि सोबत बसून गुंता सोडवायच्या. पुढे कंटाळा आला, म्हणून त्यांनी हे काम आपोआप करणारा बॉट लिहिला. मुख्य ब्रँचमध्ये काहीही मर्ज झालं, म्हणजे मिसळलं, की तो अजून मिसळायच्या राहिलेल्या रिक्वेस्टी तपासायचा आणि भिडलेल्या रिक्वेस्टीच्या लेखकाला कळवायचा. आधी कळवलंय का, हे बघायची अट घालायला मात्र त्या विसरल्या. त्यामुळे एका अबोल सहकाऱ्याला प्रत्येक मर्जनंतर तीच ताकीद मिळत राहिली. शेवटी वैतागून त्यानं रिक्वेस्टच मागे घेतली आणि ताईंना विचारलं,

"ताई, माझं काम इतकं वाईट होतं?"

ताईंनी राहिलेली अट घातली. त्याचं टेबल त्यांच्या पाठीमागेच होतं.