अर्जात लिहिलेलं कुलूप

अर्जाचा पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहून काढला. इंग्रजी चांगलं होतं, पण त्यात मी कुठेच नव्हते. मेहनती, सुरक्षेबाबत जागरूक, बिघाड शोधण्यात निपुण. इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढली की अशी वाक्यं हाताला आपोआप येतात. वाचून बघितलं तेव्हा वाटलं, हे शेजारच्या मुलीलाही चालेल आणि तिच्या भावालाही.

कारखाना सोयाबीन तेलाचा होता, धाराशिवच्या एमआयडीसीतला. देखभाल तंत्रज्ञाची जागा होती, काम तीन पाळ्यांत. फॉर्मच्या शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता: तुम्ही स्वतः शोधलेला एक बिघाड सांगा. काय दिसलं, काय तपासलं, कोणत्या क्रमाने, आणि हात लावण्याआधी काय केलं. मराठीत लिहिलं तरी चालेल, असंही खाली होतं.

सांगण्यासारखा बिघाड माझ्याकडे एकच होता आणि तो मी घरी कोणाला सांगितला नव्हता.

इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाल्यावर मी एका डाळ मिलमध्ये वर्षभर अप्रेंटिस होते. तिथली धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर सारखी बंद पडायची. करंट जास्त झाला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायचा, कोणीतरी बटण दाबून तो रिसेट करायचं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मी आधी ऑपरेटरला विचारलं, बंद पडताना आवाज बदलतो का. तो म्हणाला, गुरगुरते. मग चालू असताना तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजला. दोन फेज जास्त घेत होते, तिसरा जवळजवळ शून्य. म्हणजे मोटर दोन फेजवर ओढत होती आणि रिले आपलं काम बरोबर करत होता. पॅनल बंद केलं, पुरवठा नाही याची मीटरने खात्री केली आणि मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरपासून मोटरपर्यंत एकेक जोड बघत गेले. मोटरवरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, वायरी जोडायच्या डबीत, एका वायरचं टोक सैल होऊन काळं पडलेलं सापडलं.

इथपर्यंतचं लिहायला सोपं होतं.

त्या मिलमध्ये कुलूप लावायची पद्धत नव्हती. काम करणारा माणूस फ्यूजच्या तिन्ही किटकॅट, म्हणजे चिनी मातीच्या त्या पकडी, उपसून खिशात टाकायचा. त्या खिशात आहेत तोवर मोटर चालू होणार नाही, हा सगळ्यांचा विश्वास. मीही ॲप्रनच्या खिशात तिन्ही टाकल्या आणि वायरच्या टोकाला बसवायचा नवीन लग आणायला स्टोअरमध्ये गेले. तेवढ्यात पाळी बदलली. नव्या ऑपरेटरला पॅनलमध्ये किटकॅट दिसल्या नाहीत. त्याने शेजारच्या बंद पॅनलच्या काढल्या आणि इकडे बसवल्या. मी परत आले, पुन्हा न तपासता खाली वाकले आणि टर्मिनल बॉक्सकडे हात नेला. त्याच क्षणी त्याने बटण दाबलं आणि मोटर फिरली. टर्मिनलला बोटं लागायला वीतभर अंतर होतं. माझ्या खिशात तिन्ही किटकॅट एकमेकींवर वाजत होत्या.

त्यानंतर मी स्वतःच्या पैशाने एक कुलूप घेतलं. एकच किल्ली ठेवली, दुसरी मोडून फेकली. पण पॅनलचं दार उघडायची भीती त्या कुलपाने गेली नाही. मिलने वर्ष संपल्यावर मला ठेवलं नाही. नंतरचे पाच महिने मी एकही पॅनल उघडलं नव्हतं. ही नोकरी नाही मिळाली तर पुण्याला मावशीकडे राहून बँकेच्या परीक्षा द्यायच्या, असं घरात ठरलं होतं. मला माहीत होतं, एकदा गेले की पुन्हा कधी पॅनलला हात लावणार नाही. भीतीच जिंकेल आणि कोणाला कळणारही नाही.

म्हणून मी सगळं लिहिलं. किटकॅट, स्टोअर, पुन्हा न तपासणं. शेवटी लिहिलं: आता मी माझं कुलूप लावते, नावाची पाटी अडकवते, मीटर स्वतः चालतोय ना हे आधी चालू सॉकेटवर तपासते, मग पॅनलवर, मग पुन्हा सॉकेटवर. जागेवरून हलले तर परत येऊन पहिल्यापासून तपासते. माझी किल्ली मी कोणालाही देत नाही.

पप्पा तहसीलमध्ये आवक-जावक बघतात. आयुष्यभर लोकांचे अर्ज घेतलेले. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे खरंय?"

"हो."

"आम्हाला कधी सांगितलं न्हाईस."

मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

"अर्जात स्वतःची चूक कुणी लिहितं का गं?" पप्पा म्हणाले. "तीस वर्षांत एक अर्ज बघितला न्हाय असला. चूक कायम समोरच्याची असती."

"चूक गाळली तर ते कुलूप कशाला घेतलं, हे नाही कळणार त्यांना."

त्यांनी पान पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग स्वतःच घडी घालून पाकिटात सरकवलं.

दहा दिवसांनी चाचणीला बोलावलं. आम्ही तिघं होतो, मी आणि आयटीआय झालेले दोन मुलगे. देखभाल विभागाचे प्रमुख पन्नाशीचे, उमरग्याकडचे असावेत बोलण्यावरून. वर्कशॉपमध्ये एका फळीवर छोटी मोटर, तिचं स्टार्टर पॅनल, चालू करायचं हिरवं नि बंद करायचं लाल बटण. शेजारच्या भिंतीवर सॉकेट. "बटण दाबलं तर कायच हुईना. शोधा. वीस मिनिटं," ते म्हणाले.

पहिल्या मुलाने बारा मिनिटांत मोटर फिरवली. त्याने चालू पॅनलमध्येच टेस्टर घालून एकेक वायर बघितली होती. दुसऱ्याला चौदा लागली. प्रत्येकानंतर साहेब आम्हाला बाहेर पाठवून बिघाड बदलत होते.

माझी पाळी आली. हिरवं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर टक् करत नव्हता. म्हणजे अजून मोटरकडे बघायचं कारण नव्हतं, आधी कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पुरवठा का मिळत नाही ते बघायचं. मेन स्विच बंद केला, घरून आणलेलं माझं कुलूप लावलं, पाटी अडकवली. मीटर सॉकेटवर, दोनशे तीस. मग पॅनलमध्ये फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सगळीकडे शून्य. पुन्हा सॉकेट, दोनशे तीस.

"मॅडम मुहूर्त बघायल्यात," दारातून पहिला मुलगा म्हणाला.

"पंचांग आणू का?" दुसरा.

माझे कान तापले. मी वर बघितलं नाही. कंट्रोलचा फ्यूज तपासला, शाबूत. मग सगळी वायर एकेक न बघता मीटरने मधूनच मोजलं: फ्यूजपासून हिरव्या बटणापर्यंत जोड तुटलेला. त्याच्या मध्ये ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट, तिथपर्यंत ठीक. उरलं लाल बटण. ते न दाबता जोडलेलं असायला हवं, मीटर मात्र काही दाखवत नव्हता. मी बटणाचा स्क्रू सैल केला आणि दोन बोटं आत घातली.

"किल्ली द्या जरा इकडं," साहेब मागून म्हणाले. "त्या कपाटाचं कुलूप बघतो, लागती का तुमची."

मी दिली.

कशी दिली हे मला आजही नीट सांगता येत नाही. मोठ्या माणसाने मागितलं की उजवा हात पुढे होतो, विचार मागून येतो. त्यांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. कपाटाकडे गेलेच नाहीत.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले.

माझी डाव्या हाताची बोटं अजून पॅनलमध्ये होती. मान वर केली तर कुलूप लागलेलं दिसत होतं, पण ते आता माझं नव्हतं. मी हात बाहेर काढला. स्क्रूड्रायव्हर फळीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले.

"काय झालं?"

"सर, किल्ली."

"माझ्याजवळच हाय की. भरोसा न्हाय व्हय?"

दारातले दोघं आता हसत नव्हते. त्यांना वाटलं असेल, ही आता शिव्या खाणार.

"भरोशाचं नाही, सर," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की ते पुढे झुकले. "हात माझा आत जातो."

"मी हितला मुख्य हाय. सहा मिनिटं राह्यलीत तुमची."

मी तशीच उभी राहिले. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं आणि मी ते बघत राहिले. पाच. साडेचार. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून फळीवर ठेवली. मी ती उचलून खिशात घातली आणि पुन्हा मीटर घेऊन सॉकेटकडे गेले. दारातून कोणीतरी "परत?" म्हणालं. सॉकेट, पॅनल, सॉकेट. लाल बटणाच्या आत निघालेली वायर मला दिसली, ती मी बोटाने दाखवली, आणि वेळ संपला. माझी मोटर फिरली नाही.

ऑफिसात त्यांच्यासमोर माझा अर्ज होता. त्यांनी शेवटच्या ओळीवर पेन टेकवला.

"किल्ली मी कोणालाही देत नाही. हे खोटं झालं का न्हाय?"

"हो, सर."

"मी मागितली म्हणून दिलीत. उद्या पाळीचा सुपरवायझर मागंल. त्याला घाई असती. त्याला काय सांगणार?"

"आजच्यासारखी देईन की काय, याचीच भीती वाटते, सर."

हे मला बोलायचं नव्हतं. बोलून गेले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन दिलं. "खोडू नका. त्याच्याखाली लिहा आज काय झालं ते. तारीख टाका."

मी लिहिलं: चाचणीत किल्ली दिली. काम थांबवलं. परत घेतली. पहिल्यापासून तपासलं. दुरुस्ती पूर्ण झाली नाही. खाली सही केली, तारीख टाकली.

त्यांनी ते वाचलं आणि फाइलमध्ये लावलं. चांगलं झालं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. "कळवू" म्हणाले.

घरी पप्पांनी विचारलं, कसं झालं. मी म्हणाले, मोटर फिरली नाही. मम्मीने पुण्याच्या मावशीला फोन लावला, मग मी समोर बसलेली बघून ठेवून दिला.

आठव्या दिवशी कारखान्यातून साहेबांचा फोन आला. दुसरी पाळी, तीनला सुरू. पण मी अडीचला यायचं. पहिल्या पाळीचा तंत्रज्ञ पॅनलसमोर उभा राहून काय बंद आहे, काय उघडं आहे, कोणाचं कुलूप कुठे आहे ते सांगेल, मी स्वतः बघेन, मगच त्याने जायचं. पाळी बदलण्याचा तो अर्धा तास पहिले तीन महिने त्यांच्याच देखरेखीत, असंही त्यांनी सांगितलं. मी "हो सर, हो सर" म्हणत राहिले.

फोन ठेवला तेव्हा पप्पा समोर होते. "लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली."

"मग तोंड असं का?"

मी म्हणाले, पाळी बदलतानाच जायचंय. त्यांना एवढंच कळलं की मी घाबरलेय. ते उठून शर्ट घालायला लागले. अडीचची वेळ असेल तर बस कितीला सुटते, ते स्टँडवर जाऊन विचारून येतो म्हणाले.