पुढे चालीचे पाच गुण

आमच्या महिला कबड्डीच्या साखळी स्पर्धेत सहा मंडळं आहेत. अमरावती आणि अकोल्याची दोन-दोन, एक पातूरचं, एक आमचं तिवशाचं. मी तिवशाच्या मंडळाची अध्यक्ष आहे. शिक्षण चौथीपर्यंत, पण कबड्डी खेळले लग्नापर्यंत, आणि पोरींना मैदानावर आणायला आईबापांशी भांडणारं कोणीतरी लागतं म्हणून मला पुढे केलं.

आधी जिंकल्याला दोन गुण, बरोबरीला एकेक आणि समोरचा संघ आलाच नाही तर पुढे चाल म्हणून दोन, असा हिशेब होता. त्याने खेळाची वाट लागली. चार गुणांची आघाडी मिळाली की चढाईला गेलेली पोरगी निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती, तेवढी ओलांडून परत यायची. शेवटची पाच मिनिटं बरोबरी असली की दोन्हीकडच्या पोरी फिरायला आल्यासारख्या चढाया करायच्या. प्रेक्षक उठून जायचे.

म्हणून अमरावतीला बैठक झाली. सचिव म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांनी फळ्यावर लिहिलं: विजयाला पाच, बरोबरीला दोन-दोन. बरोबरीत दोघांचे मिळून चारच होतात, त्यामुळे वाटून घेण्यात तोटा. हे सगळ्यांना पटलं. पुढे त्यांनी लिहिलं, सात किंवा कमी गुणांनी हरल्यास एक.

"सर, हे नको," मी म्हटलं. "सातनं मागं असलेली पोरगी मंग आत काहून जाईन? पकडली गेली तर तो एकही जाते. ते तर गप बसून राहीन."

अमरावतीच्या एका मंडळाचे प्रशिक्षक हसले. "मावशी, तुमच्या पोरी तशाही गप बसत नाहीत. हरतात, पण बसत नाहीत."

"म्हणूनच म्हणून राहिली ना."

बराच वेळ वाद चालला. शेवटी हरणाऱ्याचा तो एक गुण खोडला आणि ठरलं ते असं. एका सामन्यात दोन लोण देणाऱ्या संघाला, म्हणजे समोरचा अख्खा संघ दोनदा बाद करणाऱ्याला, एक जादा गुण. जिंका, हरा की बरोबरी करा, तो मिळणार. शेवटी गुण सारखे झाले तर ज्याचे जादा गुण जास्त, तो वर.

पुढे चालीवर गाडी अडली. न कळवता न येणाऱ्याचे दोन गुण कापायचे, यावर कोणाची हरकत नव्हती. पण हजर संघाला किती? अकोल्याच्या बाई म्हणाल्या, सहा द्या, बिचाऱ्यांची जादा गुणाची संधी जाते. सर म्हणाले, आधीच्या सामन्यांची सरासरी काढून देऊ. मी दोन्हीला विरोध केला. न खेळता सहा मिळायला लागले, तर समोरच्याची गाडी न पोचावी म्हणून नवस बोलणारे लोक आहेत आपल्यात. आणि सरासरीचे अपूर्णांक पोरींना कोण समजावणार? पाच द्या, वर काही नाही. मतं घेतली, माझं म्हणणं मंजूर झालं.

मोसम चांगला गेला. पोरी खेळल्या. अकोल्याचा एक संघ सगळ्यांच्या पुढे निघून गेला. पहिल्या दोन संघांना नागपूरच्या विभागीय स्पर्धेत जायचं होतं, आणि दुसऱ्या जागेसाठी त्या हसऱ्या प्रशिक्षकांचं मंडळ आणि आम्ही राहिलो. त्यांचे सामने संपले होते: दोन विजय, दोन बरोबरी, दोन जादा गुण, एकूण सोळा. आमचे अकरा होते, त्यात जादा गुण एकच, आणि पातूरविरुद्धचा एक सामना बाकी. नुसतं जिंकलो तर सोळा-सोळा आणि जादा गुणांवर ते वर. दोन लोण देऊन जिंकलो तर सतरा.

सामना अकोल्यात, सकाळी. पातूर तिथून जवळ, आम्ही लांबचे. तरी आम्ही पोचलो आणि पातूर नाही. त्यांच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला, गाडी बंद पडली आहे, दुसरी बघून राहिलो. पंच म्हणाले, अर्धा तास थांबू, मग पुढे चाल.

माझी नात आमची कर्णधार. ती येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

"आजी, पुढे चाल म्हणजे पाचच ना?"

"पाचच."

"म्हणजे आपण घरी."

दुसऱ्या संघाने यावं म्हणून देवाला हात जोडायची वेळ कबड्डीत कोणावर येते? पोरी अंग गरम करत होत्या, पण लक्ष सगळ्यांचं फाटकाकडे. अमरावतीचे प्रशिक्षक मुद्दाम आले होते आणि मोबाईलवर वेळ लावून बसले होते.

मी सरांकडे गेले. "सर, दहा मिनिटं वाढवता येईन का?"

सरांनी अमरावतीच्या प्रशिक्षकांकडे बोट दाखवलं. "मावशी, मले काही अडचण नाही. पण यायले विचारा."

प्रशिक्षकांनी मोबाईलवरची नजर काढली नाही. "माझ्या पोरींनी काय वाईट केलं, मावशी? नियम म्हणजे नियम."

त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तरी राग आला.

अर्धा तास भरत आला तेव्हा दोन ऑटो फाटकातून आत शिरले. पातूरच्या पोरी आधीपासूनच खेळाच्या कपड्यांत होत्या. त्यांच्या बाई आधी पंचांच्या पाया पडल्या की काय असं वाटलं, पण त्या खाली पडलेली चप्पल घेत होत्या.

सामना सुरू झाला. मध्यंतरापूर्वीच आम्ही एक लोण दिला. मग पातूर सावध झालं. शेवटच्या दीड मिनिटात आम्ही दहा गुणांनी पुढे होतो आणि त्यांच्या दोघीच मैदानात. नात चढाईला गेली, एकीला शिवून आली. आता एकच उरली. ती बाद झाली की दुसरा लोण.

चढाई तिची होती. बारीकशी पोरगी. तिला फक्त निदान रेषा ओलांडून परत जायचं होतं. एरवी आम्ही तिला जाऊ दिलं असतं, सामना खिशात होता. पण जाऊ देऊन चालणार नव्हतं. तिने रेषा ओलांडली आणि वळली, तशी नातीने तिचा पाय धरला आणि आणखी दोघी अंगावर पडल्या. मला वाटलं, झालं. ती बारीक पोरगी तिघींना घेऊन मातीत सरकली. तिची बोटं मध्यरेषेवर टेकली.

तिघी बाद. त्यांच्या तिघी परत आत. पुढची चढाई संपायच्या आत शिट्टी झाली.

आठ गुणांनी जिंकलो. सोळा.

सरांनी तक्ता लिहून सही करायला माझ्यापुढे ठेवला. मी केली. अमरावतीचे प्रशिक्षक जवळ आले, या वेळी हसत नव्हते. "मावशी, पुढे चाल घेतली असती तरी इतकेच झाले असते. नातीचं कोपर फुकट सोललं."

"तुमी नागपुरात नीट खेळा," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये नात खिडकीकडे तोंड करून बसली. तिवसा येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "तेव्हा त्या अकोल्याच्या बाईचं ऐकलं असतं अन् आज पातूर आलंच नसतं, तर सहा मिळाले असते."

हिशेब बरोबर होता. मी तसं सांगितलं.

पुढच्या बैठकीत सरांनी स्वतःहून विषय काढला, पुढे चालीला सहा करू या. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी हो म्हणेन म्हणून. मी नाही म्हटलं; नवस बोलणारे लोक अजून होतेच. विरोधात हात वर करताना नातीचं तोंड डोळ्यांपुढे होतं, आणि घरी गेल्यावर तिला काय सांगायचं हे माझं ठरलेलं नव्हतं.