पाच सेकंद कच्चं, दहा सेकंद पक्कं

दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. रामहरी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा, आणि त्याचं तोंड मुळात पोळलं होतं कधी हे कुणालाच माहीत नव्हतं. शहागंजात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याची व्हिडिओची खोली होती. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि गिऱ्हाइकाला दाखवायला भिंतीवर मोठा टीव्ही, एवढाच संसार. बाप, आजा, पणजा सगळे मेंढरांमागं हिंडलेले. हा मात्र आधी लग्नाच्या शूटिंगमागं हिंडला, आणि आता एका जागी बसून एआयवर व्हिडिओ बनवायचा. फोटो टाकायचा, त्यातल्या माणसानं काय करायचं ते खाली लिहायचं, की फोटो हलायला लागतो.

हे काम फुकट होत नाही. महिन्याचे पैसे भरले की क्रेडिट मिळतात, आणि प्रत्येक व्हिडिओमागं ते कापले जातात. व्हिडिओ जितका लांब आणि जितका स्वच्छ, तितके जास्त. नवशिके पहिल्याच झटक्याला मोठा, झकपक व्हिडिओ काढतात, त्यात माणसाला तीन हात निघतात आणि क्रेडिट पाण्यात जातात. रामहरीचा नेम ठरलेला होता. आधी कच्चं, म्हणजे चार-पाच सेकंदांचं, धुरकट, कमी रिझोल्युशनचं. एका पक्क्याच्या क्रेडिटमध्ये असे वीस कच्चे निघायचे. कच्च्यात नाकडोळे बघायचे नसतात, चाल बघायची असते: माणूस वळतोय का, हात बरोबर उचलतोय का. चुकलं की लिहिलेलं बदलायचं, पुन्हा कच्चं काढायचं. पक्कं जेवढं लांब हवं असेल तेवढ्याच लांबीचं एक शेवटचं कच्चं काढायचं. तेही पटलं की मगच पक्क्याचं बटण दाबायचं, कारण पक्कं म्हणजे कच्च्याची मोठी प्रत नव्हे. ते पुन्हा नव्यानं घडतं, आणि त्यात काय निघेल ते बटण दाबल्यावरच कळतं.

आयुष्यही त्यानं असंच चालवलं, हे मात्र चुकलंच. पंधरा वर्षांपूर्वी जालन्याकडच्या रत्नमालाचं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत होती, तिलाही हा पसंत होता. पण हा म्हणाला, आधी धंदा बसू द्या, खोली बघू द्या, वर्षभर बघू. वर्षभरानं तिच्या लग्नाचं शूटिंग यानंच केलं! मुलगा दुसरा होता, एवढंच. आता तो शेहेचाळीस वर्षांचा होता, हर्सूलला भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा, मेसमध्ये जेवायचा, आणि रविवारी दुकान बंद असलं की दिवसभर त्याच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. त्याची तक्रार नव्हती. पण तक्रार नाही म्हणजे दुखत नाही असं थोडंच असतं?

सिल्लोडच्या द्वारकाबाई त्याच्याकडं आल्या त्या त्यांच्या मुलामुळं. गोकुळ पुण्याला नोकरीला. त्याचे वडील नानासाहेब जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला मांडवात मोठ्या पडद्यावर वडिलांचा व्हिडिओ लावायचा, असं त्यानं फोनवर ठरवून टाकलं. "आईला विचारा काय दाखवायचं ते. मला त्यातलं काही सुचत नाही," म्हणाला. मग एका गुरुवारी द्वारकाबाई, सत्तरीच्या, डोळ्यांच्या दवाखान्यातून परस्पर माडी चढून आल्या आणि पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. शेतातल्या घराचं लोखंडी फाटक, त्याच्या कडीवर हात ठेवून उभे नानासाहेब, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं.

"काय करायला लावू त्यांना, मावशी?" रामहरीनं विचारलं.

"काय नाय. रोज जायचे तसंच. फाटक उघडायचे आन् एकदा मागं वळून बघायचे. मी वट्यावर असायची. बोलायचे नाय काई. बघायचे निस्ते." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "पन्नास वरसं बघितलं बाबा त्येंनी. तेवढं दिसलं पायजे."

रामहरीनं पाच सेकंदांचं कच्चं काढलं. दोन-तीन मिनिटांनी धुरकट नानासाहेब टीव्हीवर हलले, उजव्या हातानं फाटक ढकललं आणि मागं बघितलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. "उजवा नाय. उजवा हात कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलता त्येंचा, चार बोटं हालत नव्हती. समदं डाव्यानं करायचे."

डावा हात लिहिला. पुढच्या वेळी फाटक उघडलं, पण पाहुण्यानं उघडावं तसं. "असं भीत भीत नाय. सोताच्या घरचं फाटक हाय." तेही लिहिलं. मग मान फार झटक्यात वळली. मग उपरणं घसरलं आणि हवेतच विरून गेलं. त्या दिवशी सहा कच्चे झाले, आणि "पुढच्या गुरवारी येते," म्हणून द्वारकाबाई सिल्लोडच्या गाडीला गेल्या.

खरं तर गुरुवारी यायची गरज नव्हती. कच्चे व्हॉट्सॲपवर पाठवता आले असते, रामहरी ते सुचवणारही होता. पण त्या म्हणाल्या, फोनवर मला दिसत नाय, आणि हा लगेच म्हणाला, बरोबर आहे, टीव्हीवरच बघा. दुसऱ्या गुरुवारी त्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. दोघं कॉम्प्युटरपुढंच जेवले. मेसच्या पोळ्या खाऊन रामहरीच्या तोंडाची चव गेली होती. त्या भाकरीचा पहिला घास त्यानं घेतला आणि मान खाली घालून दोन भाकरी संपवल्या.

"तुला घरी कोन हाय रे?" त्यांनी विचारलं.

"कुनी नाय, मावशी. आई व्हती, बानाबाई, तीबी गेली. तवापासून मीच."

"मंग मला तरी कोन हाय," असं म्हणून त्यांनी त्याच्या पानात आणखी ठेचा वाढला.

असे चार गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारीच काम झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. डावा हात, घरच्या माणसाचं फाटक उघडणं, सावकाश वळणारी मान, सगळं जमलं होतं. तरी द्वारकाबाई म्हणाल्या, "टोपी जराशी तिरकी पायजे." आणि रामहरी, जो कच्च्याच्या एकेका क्रेडिटला जपायचा, तो म्हणाला, "व्हय, करू की." त्या टोपीपायी आठ कच्चे गेले. धुरकट पडद्यावर टोपी तिरकी आहे की सरळ, हे देवालासुद्धा कळलं नसतं.

पाचव्या गुरुवारच्या सकाळी गोकुळचा फोन आला. शनिवारी श्राद्ध. "पाच सेकंद फार कमी होतं हो, लोकांची मान वर होईपर्यंत संपेल. दहा करा. आणि एकदम क्लिअर पाहिजे, पडदा मोठा आहे."

रामहरीनं क्रेडिट बघितले. नवे क्रेडिट एक तारखेला येणार, म्हणजे श्राद्धानंतर. वरचे विकत घ्यायचे तर गोकुळनं दिलेलं सगळंच तिकडं गेलं असतं. शिल्लक होते ते दहा सेकंदांच्या एका पक्क्यापुरते, वर उरत होते जेमतेम दोन क्रेडिट. म्हणजे दहा सेकंदांचं कच्चं काढून बघायची सोय उरली नव्हती. जन्मभर पाळलेला नेम टोपीच्या तिरकेपणात खर्च झाला होता. पाच सेकंदांसाठी पारखून घेतलेला मजकूरच त्यानं दहाला लावला, सेकंदांचा आकडा तेवढा बदलला, आणि बटण दाबलं. नानासाहेब मागं वळून बघतील, आणि उरलेला वेळ बघत उभे राहतील, असं तो धरून चालला. तसं लिहायला मात्र तो विसरला. ज्या माणसानं आयुष्यात एकही गोष्ट न तपासता केली नव्हती, त्यानं ही केली.

व्हिडिओ तयार झाला तेव्हा द्वारकाबाई जिना चढत होत्या. "झालं मावशी, पक्कं," तो म्हणाला. "आपन दोघंबी एकदमच बघू." आता पुढच्या गुरुवारी कोणतं कारण सांगायचं, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

टीव्हीवर फाटक उमटलं. या वेळी सगळं लख्ख होतं. कडीवरचा गंज, उपरण्याची किनार, नानासाहेबांच्या गालावरची पांढरी खुंटं. डाव्या हातानं त्यांनी फाटक उघडलं, अगदी घरच्या माणसासारखं. मग सावकाश मान वळवून मागं बघितलं. द्वारकाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. हेच, हेच हवं होतं.

पण पाचच सेकंद झाले होते, आणि मशीनला आणखी पाच भरायचे होते. नानासाहेबांनी कडीवरचा हात काढला. फाटक तसंच उघडं ठेवून ते वळले, आणि घराच्या दिशेनं परत चालत यायला लागले, पडद्यातून सरळ, खुर्चीत बसलेल्या बाईकडं बघत.

द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि रोजच्या, साध्या आवाजात विचारलं, "काय राह्यलं हो?"

आणि व्हिडिओ संपला. पडदा काळा झाला. त्या तशाच उभ्या होत्या, पदराचं टोक हातात धरून. मग खाली बसल्या. रडल्या नाहीत. ते बघणं रामहरीला रडण्यापेक्षा जड गेलं.

"चुकलं माझं, मावशी," तो म्हणाला. "पुढचं मी लिव्हलंच नाय, मशीननं सोताच्या मनानं केलं. पाच शेकंदावर कापतो. वळून बघत्यात तेवढंच ठेवतो."

"काप." त्या म्हणाल्या, "माघारी नाय आले रे ते कवाच. इसरलं तरी नाय यायचे. मी पळत जाऊन द्यायची, डबा म्हन, चष्मा म्हन. आन् आज..." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "मागचं ते पुसून टाक. गोकुळला दावू नको. कुनालाच दावू नको."

त्यांनी भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं, पण आज जेवायला थांबल्या नाहीत. रामहरी जिन्यापर्यंत गेला. गुरुवारचं काही बोलावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तोवर त्या कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागल्या होत्या.

वर येऊन त्यानं व्हिडिओ पाच सेकंदांवर कापला आणि गोकुळला पाठवला. गोकुळचं उत्तर आलं, 'एकदम मस्त, पण दहा म्हटलं होतं.' रामहरीनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

उरलेले पाच सेकंद पुसायच्या आधी त्यानं एकदा लावून बघितले. ओळखदेख नसलेला एक म्हातारा फाटक सोडून त्याच्याकडं चालत आला. खोलीत कुणीच उठून उभं राहिलं नाही. रामहरीनं दिलेल्या शब्दाप्रमाणं ते पुसून टाकलं आणि फडकं सोडून एकट्यानं भाकरी खाल्ली. हर्सूलच्या त्याच्या खोलीतून बाहेर पडल्यावर कधी छत्री, कधी मोबाईल विसरून तो आजवर कितीतरी वेळा माघारी गेला होता, कुलूप उघडून आत शिरला होता, आणि आतून एकदाही कुणी विचारलं नव्हतं, काय राह्यलं म्हणून.