दोन वाजताच्या गोळीची आठवण

बाबांना पार्किन्सन आहे. गोळी ठरलेल्या वेळी पोटात गेली तर ते घाटकोपरच्या आमच्या घरात हिंडतात, भाजी निवडतात, आईशी भांडतात. पाऊण तास उशीर झाला, की अंग लाकडासारखं आखडतं. आणि मी मरोळच्या ज्या छोट्या कंपनीत कोड लिहिते, तिचं अ‍ॅप नेमकं औषधांची आठवण करून देणारं. बाबांच्या फोनवर ते मीच घातलं होतं. अभिमानाने.

त्या दुपारी पावणेतीनला आईचा फोन आला. "अगं, बाबांना खुर्चीतून उठताच येत नाहीये. पाय हलत नाहीत. आणि तुझं ते अ‍ॅप! तुला फोन करायला बाबांचा मोबाईल कपाटावरून उचलला, तर तेव्हा कुठे वाजलं. दोनची गोळी आता सांगतंय!"

मी कॅन्टीनमध्ये उभी होते. काय झालंय ते मला तिथेच कळलं, कारण ते मीच केलं होतं.

पूर्वी आमचं अ‍ॅप एक्झॅक्ट अलार्म लावायचं. म्हणजे अँड्रॉइडला सांगायचं, दोन म्हणजे दोन, फोन झोपला असला तरी उठव. पण नव्या फोनवर ही परवानगी आपोआप मिळत नाही. माणसाला सेटिंगमध्ये नेऊन 'अलार्म आणि रिमाइंडर'चं बटण त्याच्याकडून चालू करून घ्यावं लागतं. अ‍ॅप वापरणारे बरेच लोक त्या पानावरूनच परत जायचे. अ‍ॅपमध्ये काय असावं ते ठरवणारा आमचा प्रॉडक्ट हेड वैतागला. "ती स्क्रीन काढून टाक. अलार्मऐवजी अँड्रॉइडचा वर्कमॅनेजर वापर, त्याला परवानगी लागत नाही."

"तो वेळ पाळत नाही रे," मी म्हटलं होतं. "काम होईल एवढीच हमी. कधी, ते सिस्टीम ठरवणार. फोन पडून असला तर बॅटरी वाचवायला कामं मागे ढकलते."

"दहा-पंधरा मिनिटांनी काय होतंय यार?"

मी एकदा बोलले आणि गप्प बसले. बदल करून टाकला. टेबलावर तपासला तेव्हा प्रत्येक आठवण वेळेवर आली. येणारच, माझा फोन दिवसभर केबलला लावलेला. चार्जिंगवरचा फोन त्या गाढ झोपेत जातच नाही. बाबांचा फोन मात्र कपाटावर, चार्जरशिवाय, तासन् तास तसाच पडलेला. बाबांचा हात कापतो, म्हणून ते त्याला हात लावत नाहीत. ज्याला सर्वात जास्त गरज, त्याचाच फोन सर्वात गाढ झोपणार.

आईने गोळी दिली होती. मी फोनवरच थांबले. बऱ्याच वेळाने बाबा खुर्चीतून उठल्याचं तिने सांगितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लुंगी ओली झाली गं त्यांची. रडले."

मी सरळ प्रॉडक्ट हेडच्या टेबलापाशी गेले. दोन टेस्टिंगचे फोन ठेवले. एकात जुना कोड, एकात नवा. पाच मिनिटांनंतरची आठवण लावली आणि कमांड देऊन दोन्ही फोन जबरदस्तीने झोपवले.

"मीटिंग आहे मला," तो म्हणाला.

"बस खाली."

माझा आवाज एवढा चढला की सगळा मजला वळून बघायला लागला. पाच मिनिटांनी जुना कोड वाजला. दुसरा गप्प. सहा, दहा, बारा मिनिटं. तो घड्याळ बघत होता.

"माझे बाबा असेच बसले होते आज," मी म्हटलं. "हलता येत नव्हतं. तुझी दहा-पंधरा मिनिटं!"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मग ती दुसरी परवानगी घेऊ ना, न विचारता मिळणारी."

"ती घड्याळ नि कॅलेंडरच्या अ‍ॅपसाठी आहे. प्ले स्टोअरने आपलं अ‍ॅप नाकारलं, तर लोकांच्या गोळ्यांचं काय? माणसाला विचारायची एवढी लाज का वाटते तुला?"

त्याच आठवड्यात एक्झॅक्ट अलार्म परत आला. अलार्म लावण्याआधी प्रत्येक वेळी परवानगी आहे का ते अ‍ॅप तपासतं. नसेल तर 'आठवण उशिरा येऊ शकते' असं पहिल्याच पानावर ठळक लिहून येतं. फोन बंद करून चालू केला की अलार्म पुसले जातात, म्हणून ते पुन्हा लावायचा कोडही मी नीट तपासला. घेतलेल्या गोळ्यांचा आठवड्याचा अहवाल पाठवायचं काम वर्कमॅनेजरकडेच ठेवलं. ते तासभर उशिरा गेलं तरी कुणी खुर्चीत अडकत नाही.

रविवारी बाबांच्या फोनवर नवं अ‍ॅप घातलं. परवानगीचं पान उघडलं आणि सगळं सांगितलं. तो बदल मीच केला होता, हेही. बटण त्यांनी स्वतःच दाबलं, तिसऱ्या प्रयत्नात. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "एवढंच होतं? मग आधी विचारलं का नाहीस गो?"

प्रॉडक्ट हेडवर मी हवं तेवढं ओरडू शकत होते. या प्रश्नावर मात्र ओरडायचं, तर ते फक्त माझ्या स्वतःवरच.